कमकुवत लॅपटॉपवर माइनक्राफ्टचे शेडर: आधी अडचण कुठे आहे ते शोधा, मग सेटिंग बदला

सावल्या, पाणी आणि ऊन देखणं करणारे शेडर चालवायचे म्हणून लोक आधी गेम हलका करणारे परफॉर्मन्स मॉड टाकतात. साध्या गेममध्ये एफपीएस, म्हणजे सेकंदाला निघणाऱ्या फ्रेमचा किंवा चित्रांचा आकडा, दुप्पट झालेला दिसतो, म्हणून खुशीत शेडर सुरू करतात आणि आकडा धाडकन चौदा-पंधरावर येतो. मग "मॉडचा काही उपयोग नाही" अशी तक्रार सुरू होते. उपयोग झालेला असतो, पण तो वेगळ्या जागी. परफॉर्मन्स मॉड मुख्यतः प्रोसेसरचं ओझं कमी करतात आणि शेडर मुख्यतः ग्राफिक्स चिपचं ओझं वाढवतात. एका खात्यात वाचवलेले पैसे दुसऱ्या खात्यातल्या खर्चाला चालत नाहीत. एवढं लक्षात ठेवलं की कुठलं सेटिंग कधी हलवायचं, हे बरंचसं आपोआप कळतं.

हा लेख माइनक्राफ्टच्या जावा एडिशनसाठी आहे. बेडरॉकची रचना वेगळी असल्याने इथले मॉड तिथे चालत नाहीत. समोर धरलेलं मशीन असं आहे: वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला, इंटेल यूएचडी ६२० सारखी अंगचीच ग्राफिक्स चिप असलेला, ८ जीबी रॅमचा आणि १३६६×७६८ पडद्याचा लॅपटॉप. तुमचा थोडा वर-खाली असेल तरी क्रम हाच राहील.

एका फ्रेमला किती वेळ मिळतो

एफपीएसऐवजी मिलिसेकंदात विचार करायची सवय लावून घ्या. ६० एफपीएस म्हणजे प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंद, ४० म्हणजे २५ आणि ३० म्हणजे ३३. एफपीएसचे आकडे फसवे असतात. १०० वरून ८० वर आलात तर फ्रेममागे फक्त अडीच मिलिसेकंद वाढले, पण ३० वरून २० वर आलात तर जवळपास सतरा वाढले. दोन सेटिंगांचा खर्च ताडून पाहायचा असेल तर १००० ला एफपीएसने भागा आणि त्या आकड्यांची तुलना करा.

हा वेळ दोघांच्या कामात जातो. प्रोसेसर दिसणारे चंक, म्हणजे जगाचे चौकोनी तुकडे, निवडतो, त्यांचे आकार तयार करतो आणि काय काढायचं ते ग्राफिक्स चिपला सांगतो. ग्राफिक्स चिप ते प्रत्यक्ष रंगवते. दोघं बऱ्याच अंशी एकाच वेळी काम करतात, त्यामुळे फ्रेमचा वेळ म्हणजे दोघांच्या वेळेची बेरीज नसते. जो हळू तो वेळ ठरवतो. म्हणून हळू कोण, हे कळण्याआधी सेटिंग हलवणं म्हणजे अंधारात तीर मारणं.

खिडकीची चाचणी

ही चाचणी मला सगळ्यांत भरवशाची वाटते, आणि तिला काहीही इन्स्टॉल करावं लागत नाही. एका जगाची प्रत करा, तीत चीट सुरू ठेवा आणि दर वेळी त्याच जागी, त्याच दिशेला तोंड करून उभे राहा. जागा, वेळ आणि हवामान पक्कं करायला या कमांड पुरतात. पहिल्या ओळीतले आकडे तुमच्या जागेचे टाका. शेवटचे दोन आकडे मान कुठे वळलेली आहे ते सांगतात.

```
/tp @s 120 75 -340 90 10
/time set noon
/weather clear
```

जागा निवडताना समोर झाडं, पाणी आणि दूरवरचं रान दिसेल अशी निवडा. गुहेत किंवा भिंतीकडे तोंड करून मोजलेला एफपीएस कामाचा नाही. `Max Framerate` शेवटपर्यंत सरकवून `Unlimited` करा आणि `VSync` बंद करा, नाहीतर तुम्ही मर्यादाच मोजत बसाल. सगळे चंक येईपर्यंत थांबा, मग `F3` दाबून एफपीएस बघा.

आता गेम फुलस्क्रीनमधून बाहेर काढा आणि खिडकी कोपऱ्यातून ओढून रुंदी-उंची दोन्ही अर्ध्यावर आणा. पिक्सेल आता एक चतुर्थांश झाले. एफपीएस खूप वाढला तर ग्राफिक्स चिप पिक्सेल रंगवताना दमत होती. जवळपास तेवढाच राहिला तर अडथळा प्रोसेसरकडे आहे, आणि तुम्ही ग्राफिक्सची कितीही सेटिंग खाली आणलीत तरी फरक पडणार नाही. हल्लीच्या आवृत्त्यांत `F3` च्या डाव्या बाजूला एफपीएसच्या ओळीत `GPU:` आणि टक्केही दिसतात. तो आकडा नव्वदच्या पुढे असेल तर खिडकीच्या चाचणीला दुजोरा मिळतो.

त्याच पडद्यावर आणखी दोन गोष्टी बघून घ्या. उजव्या बाजूला ग्राफिक्स चिपचं नाव असतं. लॅपटॉपमध्ये दोन चिप असतील आणि इथे कमकुवत चिपचं नाव दिसत असेल, तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ग्राफिक्सच्या पानावर जाऊन गेम चालवणाऱ्या `javaw.exe` ला जास्त ताकदीची चिप नेमून द्या. बाकी सगळ्या खटाटोपापेक्षा एवढ्यानेच जास्त फरक पडलेला मी पाहिलाय. डाव्या बाजूला `Integrated server` ची ओळ असते. गेमचं घड्याळ सेकंदाला वीस वेळा टिक करतं, म्हणजे एका टिकला ५० मिलिसेकंद मिळतात. तिथला आकडा ५० च्या आसपास घुटमळत असेल तर फोडलेला ठोकळा परत येतो आणि प्राणी अडखळत चालतात. हा लॅग चित्राचा नाही, जगाच्या हिशोबाचा आहे, आणि त्यावर शेडरचं कुठलंही सेटिंग चालत नाही. `Simulation Distance` ५ वर आणा, खालच्या यादीतला लिथियम मॉड टाका आणि पुढे चला.

मॉड: थोडेच, पण जुळणारे

"पन्नास मॉडने एफपीएस वाढवा" छापाच्या याद्यांच्या नादी लागू नका. सुरुवातीला एवढेच पुरतात. नावं शोधायला सोपी जावीत म्हणून जशीच्या तशी देतो:

```
Fabric Loader
Fabric API
Sodium
Lithium
FerriteCore
Iris
```

फॅब्रिक बाकीचे मॉड गेममध्ये चढवतं. सोडियम चंक काढायची गेमची पद्धतच बदलतं आणि सगळ्यांत मोठा फरक त्याचाच पडतो. लिथियम प्रत्येक टिकचं काम हलकं करतं, फेराइटकोअर रॅम वाचवतं. आयरिस सोडियमसोबत शेडर चालवतं आणि ऑप्टिफाइन या दुसऱ्या मॉडसाठी लिहिलेले बहुतेक शेडरपॅक त्यावर चालतात. ऑप्टिफाइन आणि सोडियम मात्र एकत्र नांदत नाहीत. दोघंही चित्र काढायच्या त्याच भागात हात घालतात, त्यामुळे एकच निवडा. कमकुवत मशीनवर मी डोळे झाकून सोडियम-आयरिस घेईन.

आधी फॅब्रिकचा इन्स्टॉलर चालवून गेमची आवृत्ती निवडा. लाँचरमध्ये फॅब्रिकचं नवं प्रोफाइल दिसेल, ते एकदा चालवून बंद करा. मग विंडोजमध्ये `Win+R` दाबून `%appdata%\.minecraft` उघडा आणि `mods` फोल्डरमध्ये जार फायली टाका. प्रत्येक फाइल गेमच्या नेमक्या त्याच आवृत्तीची हवी. आयरिसला तर सोडियमचीही ठरावीक आवृत्ती लागते. सोडियमची नवी आवृत्ती येते आणि तिच्याशी जुळणारं आयरिस कधीकधी मागाहून येतं. अशा वेळी नव्याचा हव्यास सोडून जुनी जुळणारी जोडी घ्या. जुळलं नाही तर गेम सुरू होताना `Incompatible mods found!` अशी खिडकी येते. घाबरून बंद करू नका, कोणत्या मॉडला काय हवंय ते त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. एकाच मॉडच्या दोन आवृत्त्या फोल्डरमध्ये पडून राहिल्या नाहीत ना, तेही बघा.

फायली मॉड्रिंथ किंवा कर्सफोर्ज यांवरूनच घ्या. जार म्हणजे तुमच्या मशीनवर मोकाट चालणारा प्रोग्रॅम असतो. जून २०२३ मध्ये तर कर्सफोर्जवरच्याही काही मॉडमधून फ्रॅक्चरायझर नावाचा मालवेअर पसरला होता, मग अनोळखी साइटचं काय सांगावं! शेडरपॅक साधारणपणे झिप असतो आणि त्यात मजकुराच्या फायली असतात. शेडरपॅकच्या नावाखाली कुणी `.exe` देत असेल तर ते पान तिथेच बंद करा.

रॅमबद्दल एक सावधगिरी. लाँचरमध्ये प्रोफाइलच्या `JVM Arguments` मध्ये `-Xmx2G` असं दिसतं. ते `-Xmx3G` करायला हरकत नाही, पण ८ जीबीच्या मशीनवर ६ देऊ नका. अंगच्या ग्राफिक्स चिपला स्वतःची मेमरी नसते. ती याच रॅममधून वाटा घेते, शिवाय विंडोजलाही जगायचं असतं. रॅम संपली की डिस्कवर ने-आण सुरू होते आणि गेम सेकंद-सेकंद गोठतो. `F3` च्या उजवीकडचा `Mem:` आकडा चढत जाऊन धपकन खाली येतो, ते नेहमीचंच आहे. खाली आल्यावरही तो नव्वद टक्क्यांच्या घरातच राहत असेल, तरच आणखी अर्धा जीबी वाढवा.

शेडरचा पैसा कुठे जातो

शेडरपॅकची झिप न उलगडता `shaderpacks` फोल्डरमध्ये टाका. गेममध्ये `Video Settings` मधून `Shader Packs` उघडा. आयरिसमध्ये `O` दाबूनही तिथे पोचता येतं, `K` ने शेडर चालू-बंद होतात आणि `R` ने पुन्हा लोड होतात. पॅक यादीत दिसला नाही तर झिपच्या आत आणखी एक झिप असण्याची शक्यता मोठी. `shaders` नावाचा फोल्डर झिप उघडल्या उघडल्या दिसला पाहिजे.

कमकुवत चिपसाठी निवड तीन पॅकमध्ये होऊ शकते. सिल्डर्स एनहान्स्ड डिफॉल्ट मूळ रूप फारसं न बदलता थोडी सजावट करतो. मेकअप अल्ट्रा फास्ट नावाप्रमाणे हलका आहे आणि त्यातली जवळपास प्रत्येक गोष्ट वेगळी बंद करता येते. कॉम्प्लिमेंटरी रीइमॅजिन्ड दिसायला देखणा आहे आणि त्यात अगदी खाली `Potato` पासून वर `Ultra` पर्यंत तयार प्रोफाइल आहेत. माझं मत विचाराल तर एखाद्या भारी पॅकचं सगळं बंद करत बसण्यापेक्षा हलका पॅक नीट चालवलेला बरा. सगळं बंद केलेला भारी पॅक बरेचदा साध्या गेमइतकाही बरा दिसत नाही.

आता खर्चाचा हिशोब. सगळ्यांत मोठी बाब सहसा सावल्यांची असते. सावली काढण्यासाठी शेडर तेच जग सूर्याच्या जागेवरून पुन्हा एकदा काढतो आणि एका चौकोनी नकाशात साठवतो. म्हणजे दर फ्रेमला जग दोनदा काढलं जातं. सावलीच्या नकाशाचं रिझोल्यूशन २०४८ वरून १०२४ केलंत तर ठिपके निम्मे नव्हे, एक चतुर्थांश होतात. सावलीचं अंतर कमी केलंत तर सूर्याच्या बाजूने काढायचे चंकही घटतात, आणि हे काम प्रोसेसर व ग्राफिक्स चिप दोघांचं असल्याने दोघांनाही हायसं वाटतं. म्हणून मी आधी अंतर कमी करतो, मग रिझोल्यूशन. १०२४ च्या सावलीच्या कडा जरा मऊ-धुरकट होतात, पण खेळताना त्यांच्याकडे लक्ष जात नाही. दूरच्या डोंगराची सावली नाही, हे तर कुणाच्याच ध्यानात येत नाही.

दुसरी बाब सूर्याच्या किरणांच्या झोतांची, म्हणजे `Light Shafts` किंवा `Volumetric Light`. इथे प्रत्येक पिक्सेलसाठी डोळ्यापासून पुढे पावलं टाकत "इथे ऊन आहे का" असं पुन्हापुन्हा विचारलं जातं. पिक्सेल जितके आणि पावलं जितकी, तितका खर्च. घनदाट ढग आणि पाण्यातलं प्रतिबिंब यांचीही जातकुळी हीच. पाण्यात प्रतिबिंब दिसतं तेव्हाच त्याचा खर्च होतो, त्यामुळे घराशेजारी तळं असेल तर मोजमाप तळ्याकडे तोंड करून करा.

तिसरी बाब सेटिंगच्या पानावर दिसतच नाही. शेडर पूर्ण पडद्याएवढी अनेक चित्रं मेमरीत लिहितो आणि पुन्हा वाचतो. अंगची चिप हे सगळं साध्या रॅममधून करते. डीडीआर४-२४०० ची एकच पट्टी असेल तर कमाल वेग सेकंदाला १९.२ जीबी, आणि दोन पट्ट्या जोडीने चालत असतील तर ३८.४. तोही प्रोसेसरसोबत वाटून घ्यायचा. म्हणून एकाच पट्टीच्या लॅपटॉपवर शेडर जास्त गुदमरतात, आणि म्हणूनच पिक्सेल कमी करणं हा तिथला सगळ्यांत खात्रीचा उपाय आहे.

रेंडर डिस्टन्सचं, म्हणजे जग किती चंक दूरपर्यंत काढायचं त्या अंतराचं, काय? तेरा-सतरा-पंचवीसचा हिशोब बघा. अंतर ६ असेल तर १३×१३, म्हणजे १६९ चंक येतात. ८ ला २८९ आणि १२ ला ६२५. बारावरून आठवर आलात की चंक निम्म्याहून कमी होतात. यातून मोठी सुटका प्रोसेसर आणि रॅमची होते, सावलीच्या फेरीचीही काही प्रमाणात. पिक्सेल रंगवायचा खर्च मात्र जवळपास तेवढाच राहतो, कारण पडदा तेवढाच आहे. चिप पिक्सेलांत अडकलेली असताना रेंडर डिस्टन्स ८ वरून ४ करणाऱ्यांना जग धुक्यात बुडलेलं मिळतं आणि एफपीएस दोन-तीनने वाढतो.

एक उदाहरण, पायरीपायरीने

आकडे समजण्यापुरते धरलेत, तुमच्याकडे वेगळे येतील. लक्ष क्रमावर आणि कारणांवर ठेवा.

साधा गेम, रेंडर डिस्टन्स १२, पडदा १३६६×७६८. समजा ३८ एफपीएस येतात, म्हणजे २६ मिलिसेकंद. खिडकी अर्धी केली तर ४०. फरक जवळपास नाही, म्हणजे अडथळा प्रोसेसरचा. इथे सोडियम कामाचं. ते टाकल्यावर ८५ एफपीएस, म्हणजे १२ मिलिसेकंद. पुन्हा खिडकी अर्धी केली तर आता १४० वर उडी. अडथळा प्रोसेसरकडून चिपकडे सरकला. प्रोसेसरचं काम आता १२ मिलिसेकंदांच्या आत आटोपतंय.

मग शेडर मध्यम प्रोफाइलवर सुरू केला आणि १४ एफपीएस आले, म्हणजे ७१ मिलिसेकंद. उद्दिष्ट ४०, म्हणजे २५ मिलिसेकंद. रेंडर डिस्टन्स ८ केलं तर ७१ चे ६६ झाले. ठीक, राहू द्या. सावलीचं अंतर आणि रिझोल्यूशन खाली आणलं तर ५०. किरणांचे झोत बंद केले तर ४३. घनदाट ढगांऐवजी साधे ढग घेतले आणि प्रतिबिंब हलकं केलं तर ३८. इथवर सव्वीस एफपीएस झाले, आणि यापुढे सेटिंग बंद करत गेलो तर शेडर लावण्यात अर्थ उरणार नाही.

आता पिक्सेल. लाँचरमध्ये प्रोफाइलच्या `Resolution` मध्ये १०२४×५७६ टाकून खिडकीत खेळायचं ठरवलं. १३६६×७६८ मध्ये सुमारे साडेदहा लाख पिक्सेल असतात, १०२४×५७६ मध्ये पाच लाख नव्वद हजार, म्हणजे छप्पन टक्के. ३८ पैकी ६ मिलिसेकंद पिक्सेलांवर अवलंबून नाहीत असं धरलं, तर उरलेल्या ३२ चे १८ होतात. एकूण २४. एफपीएस एक्केचाळीस, आणि सावल्या, पाणी, संध्याकाळचा रंग सगळं जागेवर. मेनू फार मोठे वाटले तर `GUI Scale` १ करा.

शेवटी `Max Framerate` ४० वर बांधून टाका. लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि चिप एकाच विजेच्या आणि उष्णतेच्या मर्यादेत काम करतात. मोकळं सोडलं तर पहिली काही मिनिटं छान जातात, मग तापून दोघांचाही वेग उतरतो. `VSync` बंदच ठेवा. ६० हर्ट्झच्या पडद्यावर ४० ची क्षमता असलेलं मशीन ते चालू केल्यावर बहुतेकदा ३० वर बसतं. चार्जर लावलेला असू द्या, बॅटरीवर मोजलेले आकडे धरू नका. मोजमाप पुन्हा एकदा `/time set 12000` करून घ्या, कारण सूर्य कलला की सावल्या आणि किरण यांचं काम बदलतं.

बिघडलं तर

शेडर निवडल्यावर चित्र साधंच राहिलं आणि चॅटमध्ये त्रुटीचा संदेश आला, तर पॅक तुमच्या चिपवर किंवा ड्रायव्हरवर जुळवला गेला नाही. आधी ग्राफिक्स ड्रायव्हर चिपच्या किंवा लॅपटॉपच्या कंपनीकडून अद्ययावत करा. तरीही तेच होत असेल तर पॅक बदला. काळा पडदा किंवा विचित्र रंग दिसत असतील तरीही हाच क्रम. तपशील `logs` फोल्डरमधल्या `latest.log` मध्ये सापडतो.

उभं राहिल्यावर सुरळीत आणि उडायला लागलं की झटके, असं असेल तर नवे चंक तयार होण्याचं काम प्रोसेसरला झेपत नाही. शेडरला हात लावू नका, रेंडर डिस्टन्स दोनने कमी करा. टेक्स्चर पॅक १२८ किंवा २५६ पिक्सेलचा असेल तर तो आधी काढून बघा. शेडरसोबत तो रॅमवर फार भार टाकतो.

सगळ्यांत खालच्या प्रोफाइलवर, ५७६ ओळींच्या खिडकीतही ३० गाठत नसाल, तर लॅपटॉपचं मागचं झाकण उघडतं का आणि रॅमची दुसरी जागा रिकामी आहे का ते बघा, असेल तर तिथे दुसरी पट्टी बसवा. तीही नसेल तर सावल्या पूर्ण बंद करून फक्त पाणी आणि आकाश बदलणारा पॅक ठेवा.

जमलेली सेटिंग `shaderpacks` मध्ये पॅकच्याच नावाच्या `.zip.txt` फाइलमध्ये साठतात. गेम किंवा पॅक अद्ययावत करण्याआधी ती फाइल आणि `mods` फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवा.